मीटरवर ८४. मग हे पाणी प्यावं का?

पुण्या-मुंबईच्या नळाला येणारं पाणी मुळात धरणाचं. पावसाचं पाणी डोंगरउतारावरून जलाशयात येतं, खडकात आणि मातीत फार काळ मुरत नाही, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. अशा पाण्यात टीडीएस मीटर बुडवला की आकडा बऱ्याचदा शंभरच्या आतबाहेर दिसतो. आपण तो ८० धरू आणि एक गणित मांडून पाहू.

रस्त्याखाली पाण्याची जुनी लाइन आहे आणि तिच्या शेजारून ड्रेनेजची लाइन जाते. पाण्याच्या लाइनचा एक सांधा सैल झालाय. सकाळी दोन तास पाणी येतं, मग बंद होतं. पाणी सुरू असताना आतला दाब जास्त असतो, त्यामुळे सांध्यातून पाणी बाहेर झिरपतं. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि बाहेर साचलेलं घाण पाणी त्याच फटीतून आत शिरतं. दुसऱ्या दिवशी नळ सुटतो तेव्हा पहिल्या लोंढ्यात ते आपल्या घरात पोचतं. समजा एक लिटर पाण्यात असं १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, सांडपाणी मिसळलं. घरगुती सांडपाण्याचा टीडीएस ५०० धरला, तर चांगल्या ९९० मिलिलिटरमधून ७९ मिलिग्रॅम क्षार आले आणि सांडपाण्यातून ५ मिलिग्रॅम. बेरीज ८४. मीटर ८० ऐवजी ८४ दाखवेल.

आता जिवाणूंचा हिशेब करू. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हे विष्ठेतून येणारे जिवाणू साधारण दहा लाख ते एक कोटी असतात. ते शंभरपट पातळ झाले तरी आपल्या घरातल्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये दहा हजार ते एक लाख उरतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही सापडता कामा नये. म्हणजे मीटरवर फरक चारचा आणि पाणी मात्र कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो यांपैकी काहीही घेऊन येण्याच्या अवस्थेत. स्वस्तातल्या मीटरची स्वतःची चूकच दहा-वीस अंकांची असू शकते, त्यामुळे तो चारचा फरक प्रत्यक्षात कुणाला दिसणारही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आणि नांदेडगाव, किरकटवाडी या भागांत जीबीएस, म्हणजे गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार अनेकदा पोटाच्या संसर्गानंतर येतो. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. अशा वेळी घराघरांत लोक हातात मीटर घेऊन पाणी तपासतात, हे अगदी स्वाभाविक आहे. पण ज्या गोष्टीची भीती आहे, ती शोधण्यासाठी हे यंत्र बनलेलंच नाही. ते कशासाठी बनलं आहे हे नीट समजलं, तर त्याचा उपयोगही होतो आणि खोटा दिलासाही मिळत नाही.

मीटर नेमकं काय मोजतो

टीडीएस म्हणजे टोटल डिझॉल्व्ड सॉलिड्स, पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण वजन. प्रयोगशाळेत ते खरोखर वजन करून काढतात. पाणी बारीक गाळणीतून गाळतात, आटवतात, मागे उरलेला साका १८० अंश सेल्सिअसला वाळवतात आणि तराजूवर ठेवतात. एक लिटरमागे जितके मिलिग्रॅम साका, तितका टीडीएस.

खिशातला मीटर यातलं काहीच करत नाही. त्याच्या टोकाला दोन छोट्या धातूच्या दांड्या असतात. त्यांच्यामधून पाण्यात बारीकसा वीजप्रवाह जातो आणि तो किती सहज गेला हे मीटर मोजतो. मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट हे पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण होतात आणि तेच वीज वाहून नेतात. कण जास्त तर वीज सहज जाते. म्हणजे मीटर मोजतो ती पाण्याची विद्युतवाहकता. तिचं एकक मायक्रोसिमेन्स, पडद्यावर µS असं दिसतं. त्या आकड्याला आतल्या आत एका ठरावीक गुणकाने गुणून मीटर आपल्याला ppm मध्ये टीडीएस सांगतो.

हा गुणक सगळीकडे एक नाही. पाण्यात फक्त साधं मीठ आहे असं गृहीत धरणारे मीटर साधारण ०.५ ने गुणतात. नैसर्गिक पाण्यासारखं मिश्रण गृहीत धरणारे ०.७ च्या जवळपासचा गुणक वापरतात. त्यामुळे १,४१३ मायक्रोसिमेन्सचं एकच पाणी एका मीटरवर ७०७ दिसेल आणि दुसऱ्यावर ९८९. दोन्ही मीटर नीट चालत असूनही असं होतं. शेजाऱ्यांचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही, यामागे हे कारण बऱ्याचदा असतं.

एक साधा प्रयोग घरी करता येतो. दोन पेल्यांत सारखंच पाणी घ्या आणि दोन्हींचा टीडीएस मोजून ठेवा. एका पेल्यात चमचाभर साखर पूर्ण विरघळवा, दुसऱ्यात चिमूटभर मीठ. साखरेच्या पेल्यात पाच ग्रॅम पदार्थ विरघळलेला असूनही आकडा जवळपास जागेवरच राहतो, तर मिठाच्या चिमटीने तो शेकड्यांनी उडी मारतो. साखरेचे रेणू विरघळतात, पण त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून मीटरला ते दिसतच नाहीत. कीटकनाशकं, डिझेल-पेट्रोल, बरीच सेंद्रिय रसायनं याच गटात मोडतात. जिवाणू आणि विषाणू तर विरघळलेले पदार्थ नव्हेतच, ते पाण्यात तरंगणारे जीव आहेत. मातीचे कणही तरंगतात, म्हणून गढूळपणाही मीटरला कळत नाही.

त्यातूनच पावसाळ्यात एक फसवी गोष्ट घडते. मे महिन्यात विहिरीत पाणी कमी आणि क्षार दाट, तेव्हा मीटर समजा ७०० दाखवतो. जुलैत पावसाचं पाणी विहिरीत उतरतं, क्षार पातळ होतात आणि आकडा ४०० वर येतो. त्याच पावसाने उकिरड्यावरचं, गोठ्यातलं, उघड्यावरचं सगळं धुऊन विहिरीत आणलेलं असतं. साथीचा धोका वर्षात सर्वांत जास्त असतो, नेमका तेव्हा मीटरचा आकडा सर्वांत चांगला दिसतो. उलट त्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली, तर तिच्यातल्या कॅल्शियमने आणि क्लोरीनने टीडीएस किंचित वाढतोच, पण पाणी आधीपेक्षा सुरक्षित झालेलं असतं.

आकडा नीट कसा घ्यावा

स्वच्छ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घ्या. आधी त्याच पाण्याने पेला आणि मीटरचं टोक विसळून ते पाणी फेकून द्या, म्हणजे मागच्या पाण्याचे क्षार त्यात मिसळत नाहीत. मीटर त्याच्यावरच्या खुणेपर्यंतच बुडवा, नाहीतर पाणी आतल्या जोडणीत शिरतं. बुडवल्यावर हळूच एकदोनदा हलवा. दांड्यांवर हवेचे बुडबुडे चिकटले तर वीज अडते आणि आकडा कमी येतो. टोक पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. मग आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबा.

थांबण्याचं कारण तापमान. पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. बहुतेक मीटर तापमान मोजून आकडा २५ अंशांच्या पाण्याइतका करून दाखवतात, पण त्यासाठी मीटरचं टोक आधी पाण्याइतकं गार किंवा गरम व्हावं लागतं. फ्रिजमधलं किंवा उकळतं पाणी मोजू नये, ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. ज्या मीटरमध्ये ही सोयच नाही, त्यावर एकच पाणी डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी वेगळं दिसेल.

सर्वांत मोठी चूक होते ती पडद्यावरची खूण न पाहिल्याने. अनेक छोट्या मीटरवर तीनच अंक मावतात. टीडीएस ९९९ च्या पुढे गेला की कोपऱ्यात बारीक अक्षरांत x10 अशी खूण येते. तेव्हा पडद्यावर १४३ दिसत असेल, तर टीडीएस १,४३० आहे. ही खूण नजरेतून सुटली, तर खारं पाणी गोड्या पाण्यासारखं वाटतं. तसंच मीटर ppm वर आहे की µS वर, हेही बघून घ्या. बटण चुकून दाबलं गेलं की आकडा एकदम जवळपास दुप्पट दिसतो आणि घरात घबराट उडते.

मीटर काळाने भरकटतो. त्याची तपासणी करायला बाजारात प्रमाणित द्रावणाच्या पुड्या किंवा छोट्या बाटल्या मिळतात. त्यावर ३४२ ppm किंवा १४१३ µS असं छापलेलं असतं. त्यात मीटर बुडवून तोच आकडा येतो का बघायचं. येत नसेल, तर मागच्या बारीक स्क्रूने किंवा बटणाने जुळवायचा. द्रावण हाताशी नसेल, तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची सीलबंद बाटली फोडून बघा. तिथे आकडा शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. तीस-चाळीस आला, तर मीटरचं टोक तरी मळलेलं आहे किंवा मीटर तरी बिघडला आहे.

पाचशेची रेषा कशाची आहे

आयएस १०५०० या मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पाण्याचा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. बाजारात यातला पाचशेच तेवढा सांगितला जातो आणि तो जणू विषाची रेषा असल्यासारखा सांगितला जातो. मुळात ही रेषा मुख्यतः चवीची, पोटाला मानवण्याची आणि भांड्यांवर, नळांवर बसणाऱ्या क्षारांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेलीच नाही. तिच्या मते ६०० पर्यंत पाणी चवीला चांगलं लागतं आणि १,००० च्या पुढे ते नकोसं होत जातं.

ही रेषा निरर्थक आहे असं नव्हे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल इतकं खारट असतं, की तिथे मीटर खरोखर कामाची गोष्ट सांगतो. आकडा हजारांत गेला तर ते पाणी प्यायला नको, हे ठरवायला प्रयोगशाळेची वाट बघावी लागत नाही. मोठा आकडा थांबायला सांगतो. छोटा आकडा मात्र पुढे जायला सांगत नाही, कारण आकडा लहान असण्याचा आणि पाणी निर्धोक असण्याचा एकमेकांशी संबंध नाही.

घरी येऊन दाखवल्या जाणाऱ्या एका प्रयोगाबद्दल इथेच सांगायला हवं. विक्रेता दोन पेले मांडतो, एक नळाच्या पाण्याचा आणि एक आरओचा. दोन्हींत धातूच्या दांड्यांची जोडी बुडवून प्लग लावतो. मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-हिरवट, गढूळ, साक्याने भरलेलं दिसतं आणि आरओचं तसंच नितळ राहतं. तो साका पाण्यातली घाण नसतो. दांड्यांपैकी एक लोखंडाची असते आणि वीज वाहिली की तिचंच लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. नळाच्या पाण्यातून क्षारांमुळे वीज वाहते, आरओच्या पाण्यातून वाहत नाही, एवढाच फरक. खात्री करायची असेल, तर विक्रेत्याला आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तोही पेला तसाच तांबूस होईल.

गोड पाण्यातलं फ्लोराइड

आता छोट्या आकड्याचं दुसरं उदाहरण, बोअरचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. समजा अशा एका गावातल्या हातपंपाचा टीडीएस ४३० आहे. पाचशेच्या आत. पाणी चवीला गोड, साबणाला फेस चांगला, डाळ लवकर शिजते. गावात पाणी चांगलं की वाईट हे ठरवण्याच्या साऱ्या कसोट्यांवर ते उत्तीर्ण होतं. आणि प्रयोगशाळेत तपासलं तर लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड निघतं. मानक सांगतं १ मिलिग्रॅम, आणि पर्याय नसेल तर जास्तीत जास्त दीड.

हा योगायोग नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी असेल, तर फ्लोराइड पाण्यातच विरघळलेलं राहतं. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी मऊ, आणि मऊ पाण्यात डाळ चांगली शिजते. म्हणून ज्या गुणामुळे ते पाणी लोकांना आवडतं, त्याच गुणाच्या आडून फ्लोराइड घरात येऊ शकतं. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि पुढे मोठ्यांचे सांधे व पाठीचा कणा ताठरतो. हाडांचं झालेलं नुकसान मागे फिरत नाही.

ते ३ मिलिग्रॅम फ्लोराइड मीटरवर स्वतंत्रपणे किती दिसेल? त्याच्या जोडीचं सोडियम धरूनही फार तर आठ-दहा अंक. ४३० मधले कोणते आठ फ्लोराइडचे, हे मीटर सांगू शकत नाही. बंद पिशवी काट्यावर ठेवली तर वजन कळतं, आत तांदूळ आहेत की खडे हे कळत नाही, तसंच हे आहे. आर्सेनिकचं तर प्रमाणच लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या पुढे धोक्याचं मानतात आणि मीटरचा सर्वांत लहान अंक एक आहे. म्हणजे मर्यादेच्या दसपट आर्सेनिक असलं, तरी मीटर हलणार नाही.

नायट्रेटचं गणित थोडं वेगळं आहे. शेतात युरिया पडतो, गोठा आणि शोषखड्डा विहिरीजवळ असतो, तिथून नायट्रेट पाण्यात उतरतं. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कसलीही सवलत नाही, कारण सहा महिन्यांखालच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. पाण्यात १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर मीटरवर त्याचा वाटा शंभरच्या आसपास असतो. पण एकूण ४५० च्या आकड्यात ते शंभर कॅल्शियमचे आहेत की नायट्रेटचे, हे पुन्हा कळत नाही. आणि हे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र तसेच राहतात. उलट पाणी आटल्यामुळे ते थोडे दाटच होतात.

मग मीटर ठेवायचा कशाला

मीटरचं खरं सामर्थ्य बदल ओळखण्यात आहे. उपनगरातल्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घ्या. टाकीत कधी पालिकेचं पाणी येतं, कधी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. तिन्ही स्रोतांचे आकडे वेगवेगळे मोजून वहीत लिहून ठेवले, की आज नळाला काय आलंय हे लगेच कळतं. समजा पालिकेचा ८०, बोअरचा ७५०, टँकरचा ६००. आज स्वयंपाकघरात ४१५ आला. म्हणजे पालिकेचं आणि बोअरचं पाणी अर्धं-अर्धं मिसळलंय, किंवा टाकीत टँकर उतरलाय. टँकरवाला धरणाचं पाणी असल्याचं सांगत असेल आणि मीटर ६०० दाखवत असेल, तर ते धरणाचं नाही, हे सोसायटीचा सेक्रेटरी ठामपणे म्हणू शकतो. ते पाणी प्यायला योग्य आहे की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न आणि त्याची तपासणीही वेगळी.

दुसरा उपयोग आरओच्या पडद्याची प्रकृती बघण्याचा. आत जाणारं पाणी ८०० आणि बाहेर येणारं ६० असेल, तर पडदा सुमारे ९२ टक्के क्षार अडवतोय, म्हणजे ठीक आहे. दर महिन्याला दोन्ही आकडे लिहा. बाहेरचा आकडा ६० चा १००, मग १८० होत गेला आणि आतला तसाच राहिला, तर पडदा झिजलाय किंवा कुठली तरी सील गळतेय. मेकॅनिकच्या शब्दावर न जाता पडदा कधी बदलायचा, हे अशा नोंदींवरून ठरवता येतं.

इथे एक खबरदारी. बऱ्याच आरओंमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो. वरच्याच उदाहरणात नळाला २०० यावा असा तो फिरवला, तर हिशेबाने सुमारे १९ टक्के पाणी पडदा टाळून आलेलं असतं. जवळजवळ पाचवा हिस्सा. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक असेल, तर त्याचाही पाचवा हिस्सा पेल्यात येतो. असं पाणी वापरणाऱ्या घरात तो स्क्रू पूर्ण बंद ठेवायला सांगावं आणि मग प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं.

आणि आरओच्या टाकीतलं पाणी कायम सुरक्षित राहतं असंही नाही. क्लोरीन आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे टाकीत किंवा तोटीत जिवाणू शिरले तर त्यांना अडवणारं काहीच नसतं. टाकी महिनोन्‌महिने धुतली नाही तरी मीटर ६० च दाखवत राहील.

सुरक्षिततेसाठी काय तपासायचं

नळाच्या पाण्यासाठी पहिली तपासणी क्लोरीनची. नळाशी येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा. गावात जलसुरक्षक जी ओटी टेस्ट करतो, ती हीच. पाण्यात थेंब टाकल्यावर लगेच पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी मात्र पिऊ नये, ओतून टाकावं. घरासाठी गुलाबी रंग देणारं डीपीडी किट जास्त चांगलं आणि त्याला पैसेही फार पडत नाहीत.

सुरुवातीचं ड्रेनेजचं उदाहरण इथे पुन्हा लावून बघू. दोन चमचे सांडपाणी लिटरभर पाण्यात मिसळलं, तेव्हा मीटर ८० चा ८४ झाला. पण सांडपाण्यातली घाण क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे शेजारच्या इमारतीत ०.३ असलेला क्लोरीन आपल्या नळाला शून्यावर येतो. मीटरला जे कळलं नाही, ते डीपीडीच्या एका गोळीला कळतं. एका भागात क्लोरीन अचानक नाहीसा झाला, तर तिथे लाइन फुटली असल्याची शंका घ्यावी, पाणी खळखळून उकळून प्यावं आणि पालिकेला लगेच कळवावं.

दुसरी तपासणी जिवाणूंची. एच-टू-एसची छोटी बाटली खुणेपर्यंत पाण्याने भरून उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर विष्ठेतले जिवाणू असल्याची दाट शक्यता. काळं पडलं नाही म्हणून पूर्ण निर्धास्त होऊ नये, पण काळं पडलं तर वाट बघू नये. पक्क्या उत्तरासाठी जिल्ह्याची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या आणि ती विसळू नका. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारी पावडर आधीच घातलेली असते. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. उशीर झाला तर जिवाणू वाढतात किंवा मरतात आणि निकाल फसवा येतो.

विहीर किंवा बोअर असेल, तर वर्षातून किमान एकदा रासायनिक तपासणी करून घ्या. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. अहवाल हाती आला की नजर सर्वांत आधी टीडीएसच्या ओळीवर जाते. ती खाली फ्लोराइड आणि नायट्रेटच्या ओळींवर न्या. जिवाणूंची तपासणी पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा करायला हवी, कारण पाऊस पडला की विहिरीचं पाणी बदलतं.

सोसायटीच्या सभेत किंवा ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की कुणी तरी विचारतं, ‘टीडीएस किती आहे?’ हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न, शेवटच्या घराच्या नळाला आज क्लोरीन किती आहे. दुसरा, जिवाणूंची तपासणी कधी झाली आणि निकाल काय आला. तिसरा, बोअर असेल तर फ्लोराइड आणि नायट्रेट किती. या तिन्हींची लेखी उत्तरं मिळाली की मग मीटर काढा. तेव्हा त्याचा आकडा पाणी चवीला कसं आहे, आज कोणत्या स्रोतातून आलंय आणि आरओचा पडदा टिकून आहे का, एवढं खात्रीने सांगेल.